गनवर ३ डिग्री, आत ९ डिग्री: ४० किलो बोनलेस परत पाठवलं, चुकलं का?

नवा_स्टोअरवाला · मंगळवार, दुपारी ३.२०

नमस्कार मंडळी. अंधेरी एमआयडीसीतल्या एका किचनमध्ये स्टोअर आणि रिसीव्हिंग बघतो. आमचं बसून जेवायचं हॉटेल नाही, फक्त पार्सल. कामाला लागून चार महिने झालेत. आज सकाळी जे केलं त्यावरून मालकांनी सगळ्यांसमोर झापलं, म्हणून इथे विचारतोय.

६.४० ला चिकनची गाडी आली. बाहेर पाऊस, मागच्या गल्लीत दोन गाड्या आधीच उभ्या. माल होता २० किलो करी कट आणि ४० किलो थाय बोनलेस. बोनलेस ५ किलोच्या पॉलिथिन बॅगांत, एका क्रेटमध्ये दोन बॅगा, वर बर्फाचा चुरा. गाडीतल्या डिस्प्लेवर २ डिग्री. आमच्याकडे तापमानाची गन आहे, ती मारली तर सगळ्या क्रेटवर ३ च्या आसपास. चार महिने मी एवढंच बघून चलानवर सही करत आलोय.

पण गेल्या आठवड्यात शेफनी एक प्रोब आणून दिला होता. म्हटलं, आलाच आहे तर वापरून बघू. बोनलेसची एक बॅग उघडली आणि मधोमध सुई घातली. आकडा ५, ६, ७ करत वर गेला आणि ९.२ वर थांबला. मला वाटलं प्रोब बिघडला. दुसरी बॅग उघडली, ९.६. तिसरी, ८.९. मग करी कटमध्ये घातला तर तिथे ४.८.

करी कट घेतलं, बोनलेस परत पाठवलं. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, वर बर्फ दिसत नाही का तुला?" शेफ माझ्या बाजूने होते, पण दुसरं बोनलेस यायला दीड वाजला आणि तोपर्यंत टिक्का आणि दोन रोल बंद ठेवावे लागले. मालकांचं म्हणणं, वास नव्हता, रंग चांगला होता, वर बर्फ होता, मग आकड्याचं एवढं काय?

माझा प्रश्न एवढाच: गन खरी की प्रोब? आणि एकाच गाडीतून आलेल्या दोन मालांत इतका फरक कसा?

---

कायद्याचं_बोला · मंगळवार, दुपारी ३.४१

अजिबात चुकलं नाही. थंड माल ५ डिग्री किंवा खालीच हवा आणि फ्रोझन उणे १८, हे एफएसएसएआयचंच आहे. शिवाय आता नियम असा आहे की माल हातात येताना मुदत संपायला किमान ४५ दिवस शिल्लक हवेत. तेही तपासत जा. कमी असेल तर परत करायचा हक्क आहे तुम्हाला.

---

तवा_परात · मंगळवार, दुपारी ४.०५

कायद्याचं_बोला, ५ आणि उणे १८ बरोबर. ४५ दिवसांचं मात्र तुम्ही भलतीकडे लावताय. ते ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलेलं आहे, ग्राहकाच्या दारात माल पोचताना ३० टक्के आयुष्य किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत म्हणून. ब्रॉयलर कोंबडीचं अख्खं आयुष्यच ४०-४२ दिवसांचं असतं. ताज्या चिकनला ४५ दिवस मागायला गेलात तर पुरवठादार अंडं आणून देईल.

मूळ प्रश्नाचं उत्तर संध्याकाळी सविस्तर लिहितो, आत्ता शिफ्टवर आहे. तोवर स्टोअरवाले, दोन गोष्टी सांगा. दोन्ही मालांच्या लेबलवर पॅकिंगची तारीख काय होती? आणि बॅगेच्या कडेला प्रोब लावून बघितला होता का, की फक्त मध्यभागी?

---

मिनू_जोशी_पार्ले · मंगळवार, दुपारी ४.३०

अगदी अगदी! मीसुद्धा परवा ऑनलाइन आइस्क्रीम मागवलं, पार वितळलेलं आलं. फोटो टाकून तक्रार केली तर अर्धेच पैसे परत. पूर्ण पैसे मिळवायला काय करावं?

---

नवा_स्टोअरवाला · मंगळवार, संध्याकाळी ५.१५

मिनूताई, हा धागा हॉटेलात येणाऱ्या मालाचा आहे, तुमचा प्रश्न वेगळा टाका, नक्की कोणीतरी सांगेल.

तवा_परात सर, लेबलांचे फोटो काढले होते म्हणून बरं झालं. करी कटवर पॅकिंग १७ तारीख. बोनलेसवर १८, म्हणजे आजचीच. चलानवर गाडी निघाल्याची वेळ पहाटे ४.३०. कडेला मुद्दाम नाही लावला, पण पहिल्या बॅगेत सुई आधी अर्धीच गेली होती तेव्हा ४ दाखवत होता, हे आठवतंय. पुढे ढकलली तसा आकडा चढला.

---

रीफर_भाऊ · मंगळवार, संध्याकाळी ६.५०

मी स्वतः अकरा वर्षं थंड माल वाहतो, भिवंडीहून मुंबईत. ड्रायव्हरची बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहितोय.

गाडीचं युनिट माल थंड ठेवायला असतं, माल थंड करायला नसतं. आत जो येईल तो तसाच राहतो, थोडाफार फरक. दाराशी उभं राहून डिस्प्ले बघता ना, तो आकडा आतल्या हवेचा असतो, मालाचा नाही. आणि हो, काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला युनिट बंद ठेवतात आणि पोचायच्या दहा मिनिटं आधी चालू करतात, हे खरं आहे. खोटं कशाला बोलू. पण तुमच्या केसमध्ये तसं झालं असतं तर करी कटसुद्धा गरम निघालं असतं. तेही त्याच गाडीत होतं ना? ४.८ आलंय. म्हणजे गाडीवाल्याने काही केलेलं नाही, आणि शिव्या मात्र त्यानेच खाल्ल्या असणार.

---

तवा_परात · मंगळवार, रात्री ९.३०

रीफर_भाऊंनी माझं अर्धं काम केलं. करी कट ४.८ आहे याचा अर्थ गाडी निर्दोष आहे. आता उरलेलं.

आधी गन. गन फक्त पृष्ठभाग बघते. तुम्ही क्रेटवर गन रोखली तेव्हा तिला चिकन दिसलंच नाही, तिला दिसला बर्फ आणि ओलं प्लॅस्टिक. बर्फाच्या खालचं काहीही ३ च दाखवणार. चकचकीत वस्तूंवर, म्हणजे स्टीलचा ट्रे, फॉइलचं पॅकिंग, तर गन आणखी फसते, कारण तिला आजूबाजूची उष्णता परावर्तित होऊन दिसते. गन टाकून देऊ नका. दहा क्रेटमध्ये संशयास्पद कोणता हे पटकन शोधायला ती चांगली आहे. पण घ्यायचं की परत करायचं हे तिच्यावर ठरवायचं नाही.

आता खरी गंमत. तुमच्या मालात कड ४ आणि मध्य ९. हा आकड्यांचा क्रम नीट बघा. माल वाटेत तापला असता तर उष्णता बाहेरून आत शिरली असती, म्हणजे कड गरम आणि मध्य थंड. तुमच्याकडे उलटं आहे. थंडी बाहेरून आत जाते आहे आणि अजून मध्यापर्यंत पोचलेलीच नाही. म्हणजे हा माल वाटेत गरम झालेला नाही, तो गाडीत चढतानाच आत गरम होता.

असं का, हे लेबल सांगतं. करी कट १७ ला झालं, रात्रभर चिलरमध्ये बसलं, आरपार थंड झालं. बोनलेस १८ ला, म्हणजे रात्री बारानंतर पॅक झालं आणि ४.३० ला गाडीत. बोनलेस हाताने होतं. माणसं टेबलाशी बसून थायचं हाड काढतात, मांस हाताळलं जातं, खोली पुरेशी थंड नसेल तर तासाभरात १०-१२ पर्यंत जातं. मग ते ५ किलोच्या बॅगेत कोंबलं की तो एक गोळा होतो. वरून कितीही बर्फ टाका, गोळ्याच्या मध्याला थंड व्हायला कितीतरी तास लागतात. तुमच्या पुरवठादाराने बहुधा बॅग भरून थेट गाडीत टाकली आणि बर्फ वर भुरभुरवला. तो बर्फ चिकनसाठी कमी आणि तुमच्या गनसाठी जास्त होता.

लेबल खोटं असण्याचीही शक्यता आहे. काही ठिकाणी आदल्या संध्याकाळच्या मालावर उद्याची तारीख छापतात, एक दिवस जास्त मिळतो. पण आदल्या संध्याकाळचा माल चिलरमध्ये राहिला असता तर मध्य थंड असता. त्यामुळे इथे लेबल खरं असावं असं मला वाटतं, आणि तीच खरी अडचण आहे.

परत पाठवलंत ते योग्य. आमच्याकडे रीत अशी: ५ पर्यंत घ्यायचं. ५ ते ८ असेल तर शेफला दाखवायचं, तो म्हणाला तर त्याच दिवशी शिजवायच्या बोलीवर. ८ च्या वर परत. मधला पट्टा हा आमच्या हॉटेलचा आहे, सरकारी नाही, ऑडिटर आला तर त्याला हे लेखी दाखवावं लागतं.

---

ठाण्याचा_सूशेफ · मंगळवार, रात्री १०.१०

सर, आदर आहे पण इथे थोडा वेगळा विचार मांडतो. तुम्हीच सिद्ध केलंत की माल थंड होत चालला होता. म्हणजे ९.२ हा उतरता आकडा. ताजं कापलेलं, काही तासांपूर्वीचं, थंड होत असलेलं चिकन. हे वॉक-इनमध्ये पसरून ठेवलं असतं तर अकरापर्यंत ४ वर आलं असतं आणि तंदूरमध्ये आतून ७५ ला गेलं की साल्मोनेला खलास. ४० किलो माल, दीड वाजेपर्यंत मेन्यू बंद, हे जरा अतीच नाही का?

---

तवा_परात · मंगळवार, रात्री १०.४५

उतरता आकडा आहे हे मान्य. पण तो कुठून उतरत आला हे कोणाला माहीत? १२ वरून की २२ वरून? टेबलावर किती वेळ होतं? प्रोब आत्ताचं सांगतो, मागचं सांगत नाही.

आणि ७५ चं म्हणाल तर साल्मोनेला मरतो, खरं आहे. पण बोनलेस हे हाताने केलेलं काम. माणसाच्या हातावर, नाकात असणारे स्टॅफचे जंतू त्यावर येतात. त्यांना उबदार मांसावर पुरेसे तास मिळाले तर ते विष तयार करतात आणि ते विष तंदूरमध्येही जात नाही. ९ डिग्रीला ते बनत नाही म्हणा, त्यासाठी साधारण १० च्या वर जावं लागतं. पण ९ च्या आधी काय होतं, तिथेच गाडी अडते.

---

ठाण्याचा_सूशेफ · मंगळवार, रात्री ११.०२

पुरवठादाराकडे डिबोनिंग खोलीचा तापमानाचा लॉग असेल आणि तो १२ च्या खाली असेल तर मी घेतलं असतं. नसेल तर तुमचं बरोबर. पण सकाळी ६.४० ला दाराशी उभा असलेला मुलगा तो लॉग कुठून आणणार, हेही आहेच.

---

वेसावची_पोर · बुधवार, सकाळी ८.१५

हे वाचून हसू आलं. आमच्या घरी तीन पिढ्या मासळी विकतात, आजी अजून टोपली घेऊन बसते. तिला कोणी प्रोब दाखवला तर ती त्यानेच मारेल. मासळीला बोटाने दाबायचं, खड्डा पडून तसाच राहिला तर नको. गालफाड उचलून बघायचं, लाल हवं. डोळा वर आलेला हवा. सुरमई असो की हलवा, एवढ्यावर कळतं. चिकनवाल्यांनीही जरा हाताने बघायला शिकावं. सगळं मशीनवर कसं चालेल?

आणि आता जूनमध्ये तर हॉटेलवाल्यांनी जास्तच बघावं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत आपल्या किनाऱ्यावर मोठ्या बोटी बंद. या दिवसांत ताजी सुरमई म्हणून जी येते ती कुठून किती दिवस बर्फात बसून आली, ते विचारा आधी.

---

बँक्वेटवाली · बुधवार, सकाळी ९.४०

वेसावची_पोर, तुझ्या आजीचा हात आमच्याकडच्या कोणाहीपेक्षा चांगला असणार, यात वाद नाही. पण माझा एक अनुभव.

स्टाफच्या जेवणाला बांगडा होता. मी स्वतः मासळी खाऊन वाढलेली, रिसीव्हिंगला मीच उभी होते. गालफाड ठीक, वास ठीक. जेवून अर्धा तास नाही झाला तर तीन पोरांचे चेहरे आणि मान लालबुंद, डोकं ठणकतंय, एकाला अंगावर पित्तासारखे चट्टे. आम्हाला वाटलं ॲलर्जी. पण तिघांना एकदम, आणि तिघेही आयुष्यभर बांगडा खाणारे? डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, मासळी कोणती होती.

नंतर शोधलं तेव्हा कळलं की पुरवठादाराच्या मुलाने रात्री आलेला बांगडा बर्फाविना काही तास ठेवला आणि पहाटे बर्फात घालून आमच्याकडे पाठवला. आला तेव्हा मस्त गार होता.

---

तवा_परात · बुधवार, दुपारी १२.२०

हिस्टामिन. बांगडा, सुरमई, कुपा या जातीत हे होतं, पापलेटला सहसा नाही. मासा गरम राहिला की जंतू त्याच्या मांसातून हिस्टामिन बनवतात. एकदा बनलं की ना बर्फाने जातं, ना तळण्याने, ना वास येतो. म्हणून आजींच्या तपासणीत दोष नाही, पण ती तपासणी मासा शिळा आहे का हे सांगते, मधे काही तास उन्हात होता का हे सांगत नाही. या तीन माशांना मी गालफाडही बघतो आणि पाठीच्या जाड भागात प्रोबही घालतो, ० ते २ च्या आसपास हवा. आणि तरीही बँक्वेटवालींच्या बांगड्यासारखा उशिरा गार केलेला मासा माझ्या हातून निसटेल. तिथे फक्त पुरवठादाराची ओळख उपयोगी पडते.

---

वेसावची_पोर · बुधवार, दुपारी १.०५

आजीला विचारलं. म्हणाली, "बांगडा तापला की अंगावर येतो, हे काय नवीन? म्हणून तर बांगडा मी बोटीवरूनच बर्फात घेते." म्हणजे तिला माहीतच होतं, मलाच नव्हतं. शब्द मागे घेते. प्रोबने मारायचा मात्र तिचा अजूनही विचार आहे.

---

पोळीभाजी_दादर · बुधवार, दुपारी ३.३०

माझं छोटं पोळीभाजी केंद्र आहे, मांसमच्छी नाही. पण दूध, दही, पनीर आणि फ्रोझन मटार येतो. बंद पिशवीत प्रोब कसा घालायचा? पिशवी फोडली तर दूध वाया. आणि मटाराचं काय बघायचं? आमचा माणूस पुठ्ठ्याचे खोके ओलेच आणून टाकतो, म्हणतो पावसाचं पाणी आहे.

---

रीफर_भाऊ · बुधवार, दुपारी ४.१०

ताई, खोका वरून ओला असेल तर पाऊस. तळाशी ओला आणि कोपरे मऊ पडलेले असतील तर आतून पाणी सुटलंय. मटाराची पिशवी हातात घेऊन हलवा. दाणे सुटे खळखळले पाहिजेत. ढेकूळ झालं असेल तर मधे कुठेतरी सुटून पुन्हा गोठलाय. कोण तुम्हाला काय सांगतो ते सोडा, पिशवी हलवा.

---

तवा_परात · बुधवार, संध्याकाळी ६.००

पिशवी फोडायची नाही. दुधाच्या दोन पिशव्या एकमेकींना चिकटवायच्या, मधे प्रोबची सुई आडवी ठेवायची, दाबून धरायचं आणि आकडा थांबेपर्यंत दोन मिनिटं थांबायचं. व्हॅक्यूम पॅकलाही तसंच. उघड्या मालात सुई घातली तर पुढच्या मालाला लावण्याआधी अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायची, नाहीतर कच्च्या चिकनमधलं तुम्हीच पनीरमध्ये नेऊन ठेवाल.

प्रोब घेतलात तर आधी एका ग्लासात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून तपासा. शून्याच्या एक डिग्री इकडेतिकडे चालेल. महिन्यातून एकदा तरी, आणि पडला की लगेच.

---

नवा_स्टोअरवाला · शुक्रवार, रात्री ८.४५

अपडेट देतो.

बुधवारी शेफ आणि मी पुरवठादाराला फोन केला. आधी म्हणाला गाडीवाल्याची चूक. मी करी कटचा ४.८ सांगितला आणि तवा_परात सरांचं कड-मध्य समजावलं तेव्हा गप्प झाला. मग म्हणाला, बोनलेस रात्री दीड-दोनला भरतात आणि चिलरमध्ये जागा नसते म्हणून थेट गाडीत जातं. खोलीच्या लॉगबद्दल विचारलं तर विषय बदलला. शेवटी कबूल केलं की आमचं बोनलेस आदल्या दुपारी करून ठेवेल आणि ५ किलोऐवजी २ किलोच्या चपट्या बॅगा देईल. चपट्याची कल्पना शेफची. ते म्हणाले, जाडी निम्मी केली की थंड व्हायचा वेळ निम्मा नाही, साधारण चौथाई होतो.

आज सकाळी २० बॅगा आल्या. लेबल कालचं. पाच बॅगा तपासल्या: चार ४.२ ते ४.७, एक ६.१. ती एक शेफनी लगेच मॅरिनेट करून दुपारीच काढली. रजिस्टरमध्ये काय लिहायचं यावर मात्र वाद झाला. आधीचा स्टोअरवाला रोज सगळ्या मालापुढे "४" लिहून गेलाय, वर्षभर, मार्चमध्येही आणि मेमध्येही. मालक म्हणतात ६.१ लिहू नकोस, ऑडिटला दिसेल.

---

तवा_परात · शुक्रवार, रात्री ९.२०

६.१ च लिहा, आणि पुढे "त्याच दिवशी वापरलं, शेफ" आणि वेळ, शेफची सही. ऑडिटर वर्षभर ४, ४, ४ बघून जेवढा सावध होतो तेवढा एका ६.१ ने होत नाही. आणि माल परत करताना चलानवर ड्रायव्हरसमोर आकडा, वेळ आणि कारण लिहायचं, त्याची सही घ्यायची, प्रोब मालात असताना लेबलसकट फोटो. परत जाणारा माल पाच मिनिटंसुद्धा वॉक-इनमध्ये ठेवायचा नाही. एकदा आत गेला की पुरवठादार म्हणतो तुमच्याकडे तापला.

---

रीफर_भाऊ · शुक्रवार, रात्री १०.०५

एक विचारू का? मंगळवारचं ते ४० किलो बोनलेस कुठे गेलं, हे विचारलंत का फोनवर?

विचारतो कारण मला माहीत आहे कुठे जातं. तुम्ही परत केलेलं पुढच्या स्टॉपवर उतरतं. तिथे प्रोब नसतो, वर बर्फ असतो आणि आत्तापर्यंत मध्यही थंड झालेला असतो. मी स्वतः उतरवलाय असा माल. मला सांगितलं जातं उतरव, मी उतरवतो.

---

नवा_स्टोअरवाला · शुक्रवार, रात्री १०.३०

नाही विचारलं. सुचलंच नाही.

---

ठाण्याचा_सूशेफ · शुक्रवार, रात्री १०.५२

आम्ही चलानच्या तीनही प्रतींवर आडवं मोठ्या अक्षरात "नाकारलं, ९.२" लिहितो. लेबलवर मार्करने फुली मारायचा प्रयत्न केला होता एकदा, पुरवठादाराने भांडण काढलं की माल अजून माझाच आहे, हात लावू नका. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर होता. यावर माझ्याकडे तरी उपाय नाही.

---

पोळीभाजी_दादर · शनिवार, सकाळी ७.४०

प्रोब घेतला. ग्लासात बर्फ घालून तपासला तर २.३ दाखवतोय. दुकानदाराला परत करू का?

---

तवा_परात · शनिवार, सकाळी ८.०५

ग्लासात पाणी जास्त आणि बर्फाचे खडे मोठे असतील. बर्फ फडक्यात बांधून लाटण्याने फोडा, ग्लास चुऱ्याने भरा, पाणी फक्त फटी भरण्यापुरतं. ढवळा, सुई मधोमध ठेवा, काचेला लागू देऊ नका.

---

पोळीभाजी_दादर · शनिवार, सकाळी ८.३०

०.४ आला. दूधवाला उद्या सहाला येतो. दोन पिशव्या जवळ धरून उभी राहते, बघू काय म्हणतो.